एकच घर, तीन कोटेशनं: ₹३३,६०० स्वस्त की ₹५२,०००?

माझ्या मावसबहिणीची पुण्याहून बंगळूरला बदली झाली. सामान हलवण्यासाठी तिने तीन पॅकर्स अँड मूव्हर्सकडून कोटेशनं मागवली. पहिलं आलं ₹३८,०००, दुसरं ₹५२,०००, तिसरं ₹३३,६००. हिशेब डोक्यात राहावा म्हणून हे आकडे मी थोडे गोल केले आहेत. दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे रकमा लक्षात ठेवू नका, हिशेबाची रीत तेवढी बघा. तिने मला फोन केला तो तिसऱ्याला आगाऊ रक्कम पाठवण्याच्या बेतात असताना. "दुसरा तर सरळ लुटायलाच बसलाय रे," ती म्हणाली.

मी तिला एवढंच विचारलं, "तिघांनी किती सीएफटी धरलंय?" सीएफटी म्हणजे घनफूट. पहिल्याच्या कागदावर हा आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं "२ बीएचके सामान, १४ फुटी गाडी". दुसऱ्याने माणूस घरी पाठवून यादी केली होती आणि १७ फुटी गाडी लिहिली होती. तिसऱ्याने फोनवर विचारून ४८० घनफूट लिहिले होते, घनफुटाला ₹७० दराने. म्हणजे तिच्या हातात तीन वेगवेगळ्या मालाच्या किमती होत्या आणि ती त्या एकाच मालाच्या समजून शेजारी शेजारी ठेवत होती.

आधी सामान मोजायचं

घरसामान आकाराच्या मानाने हलकं असतं. एका घनफुटाला साधारण तीन-सव्वातीन किलो धरतात. म्हणून गाडीची वजनाची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी गाडीतली जागा संपते, आणि विकली जाते ती जागा. "२ बीएचके" हे काही माप नव्हे. एका २ बीएचकेत दोन गाद्या आणि एक टीव्ही असतो, दुसऱ्यात आजोबांच्या काळचा शिसवी पलंग आणि दोन लोखंडी कपाटं. कोटेशनवर सामानाच्या जागी नुसतं घराच्या खोल्यांचं नाव असेल, तर त्या कंपनीने सामान मोजलेलं नाही. ते गाडी भरायच्या दिवशी मोजलं जाणार, आणि त्या दिवशी तुमचं अर्धं घर सोसायटीच्या जिन्यात असणार.

मोजायला टेप पुरते. लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्यायची आणि गुणायची. वस्तू उभी राहील तशी नाही, तर गाडीत जाईल तशी मोजायची. सोफा सुटा होत नाही, तेव्हा साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असा तीन जणांचा सोफा एकटाच ५८ घनफूट खातो. मधली जागा रिकामी असली तरी तिच्यात फारतर उशा जातात. पलंग मात्र सुटा होतो, म्हणून बॉक्सचा डबलबेड फळ्या रचून ३५ घनफुटांत बसतो.

बहिणीने एका संध्याकाळी सगळं मोजलं. तीन जणांचा सोफा ५८ आणि दोन सुट्या खुर्च्यांचे ५४. डबलबेड ३५ आणि त्याची गादी १६. मुलीचा सिंगल पलंग गादीसकट २९. दोन लोखंडी कपाटं ६५. जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या ४०. फ्रिज २५, वॉशिंग मशीन १२, टीव्ही ५. पुस्तकांचं शेल्फ २०, सायकल १५. मग खोकी. दीड फूट लांब-रुंद-उंच खोकं म्हणजे जवळपास ३.४ घनफूट. तिचा अंदाज तीस खोक्यांचा होता, त्याचे १०१. एकूण ४७५.

"म्हणजे तिसऱ्याचे ४८० बरोबरच की," ती म्हणाली.

स्कूटर राहिली होती. स्कूटरचे ५१ धरून झाले ५२६. शिवाय हे नुसत्या वस्तूंचं माप. त्यावर पुठ्ठा, फोम चढतो, आणि गाडीत सोफ्याच्या वर, कपाटाच्या बाजूला पोकळ्या राहतातच. घरसामान काही विटांसारखं रचता येत नाही. या पोकळ्यांसाठी आणि वेष्टनासाठी मी पंधरा ते वीस टक्के धरतो. वीस टक्के धरले की ५२६ चे होतात साधारण ६३०.

आता गाडीकडे बघा. १४ फुटी गाडीचा हौदा आतून सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच धरला तर १४ × ६ × ६ म्हणजे ५०४ घनफूट. १७ फुटीचा सहा फूट रुंद आणि सात फूट उंच धरला तर ७१४. बांधणीनुसार इंच-दोन इंच इकडेतिकडे होतात, म्हणून आतलं माप विचारून घ्यावं. पण ६३० चं सामान ५०४ च्या गाडीत जात नाही, एवढं सांगायला इंचांची गरज नाही. तरीही कोंबलंच तर काय होतं ते मी पाहिलं आहे. फ्रिज आडवा होतो, गाद्या दुमडून कपाटांमध्ये ठासल्या जातात, आणि सगळ्यात शेवटी आलेली खोकी सोफ्यावर चढतात.

बहिणीने हीच यादी, मापांसकट, तिघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि एकच प्रश्न विचारला: या यादीवर किती घनफूट, कुठली गाडी आणि काय दर? दुसऱ्याचा आकडा हलला नाही, त्याने यादी आधीच केली होती. तिसऱ्याने ६३० मान्य केले. ६३० गुणिले ७०, म्हणजे ₹४४,१००. पहिल्याचा माणूस आधी म्हणाला, "मॅडम, टू बीएचकेला चौदा फुटी आरामात पुरते, रोजचं काम आहे आमचं." यादी परत वाचायला लावल्यावर त्याने १७ फुटी गाडी धरून ₹९,००० वाढवले. तो ₹४७,००० वर आला. फोन, टेप आणि एक संध्याकाळ, एवढ्यावर तिसरं कोटेशन दहा हजारांनी आणि पहिलं नऊ हजारांनी वर सरकलं होतं. हे पैसे वाढले नव्हते. ते आधीपासून होते, फक्त गाडी भरायच्या दिवसासाठी राखून ठेवलेले.

पुस्तकांबद्दल एक जाता जाता. वजनाचा नियम फक्त तिथे उलटतो. दीड फुटी खोकं पुस्तकांनी काठोकाठ भरलं तर ते पन्नास किलोंच्या वर जातं. मग तळ फाटतो किंवा हमाल ते उचलतच नाहीत, ढकलतात. पुस्तकं लहान खोक्यांत.

किलोमीटर दिसतात तेवढे सरळ नसतात

पुणे ते बंगळूर साताऱ्यावरून, कोल्हापूर-बेळगाव-हुबळी करत साधारण साडेआठशे किलोमीटर. बहिणीचा समज असा होता की अंतर दुप्पट तर भाडं दुप्पट. तसं होत नाही, कारण भाड्यातला बराच भाग अंतराशी बांधलेलाच नसतो. सामान गुंडाळायला, तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला आणि गाडीत रचायला जी चार-पाच माणसं दिवसभर लागतात, ती सामान हडपसरला जाणार असो की हुबळीला, तेवढीच लागतात. अंतराबरोबर वाढतं ते डिझेल, टोल, चालकाचे दिवस आणि गाडी अडकून पडण्याचा काळ. अशी गाडी लिटरला सात किलोमीटर चालते असं धरलं तर साडेआठशे किलोमीटरना सव्वाशे लिटरच्या आसपास डिझेल जातं. आजच्या पंपावरच्या भावाने हा गुणाकार तुम्हीच करून बघा, म्हणजे कोटेशनमध्ये रस्त्याचा वाटा किती आणि माणसांचा किती याचा अंदाज येतो.

अंतरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे गाडी परत कशी येणार हा. गंतव्याच्या शहरातून परतीचा माल सहज मिळत असेल तर मालक एका बाजूचं भाडं सांगतो. तुम्ही आडगावी जात असाल तर रिकाम्या परतीचा खर्चही तुमच्याच कोटेशनमध्ये बसतो. म्हणूनच कधी कधी साडेआठशे किलोमीटरवरचं मोठं शहर चारशे किलोमीटरवरच्या लहान गावापेक्षा फारसं महाग पडत नाही, आणि त्याच रस्त्याचा उलटा दर वेगळा निघतो. यात कुणी लबाडी करत असतं असं नाही.

दुसरं म्हणजे, तुमचं सामान एकट्याच्या गाडीतून जाणार की दुसऱ्यांच्या सामानाबरोबर. दुसरं कोटेशन स्वतंत्र गाडीचं होतं, आणि पहिल्यानेही तसंच सांगितलं होतं. तिसरं पार्ट लोडचं, म्हणजे मोठ्या गाडीत चार घरांचं सामान. कागदावर हा फरक "शेअर्ड" अशा एका शब्दात उरकलेला असतो. प्रत्यक्षात सामान किती वेळा उचललं जातं ते मोजा. स्वतंत्र गाडीत दोनदा: घरातून गाडीत, गाडीतून घरात. पार्ट लोडमध्ये घरातून छोट्या गाडीत, तिथून गोदामात, गोदामातून मोठ्या गाडीत, पलीकडच्या गोदामात, परत छोट्या गाडीत आणि मग घरात. सहा वेळा. सामान चालत्या गाडीत कमी आणि उचलताना-ठेवताना जास्त मोडतं, त्यामुळे या दोन आणि सहाचा अर्थ पॅकिंगच्या आणि विम्याच्या ओळीत परत येतो. शिवाय पार्ट लोडला मोठी गाडी भरेपर्यंत थांबावं लागतं. तिसऱ्याने आठ ते दहा दिवस सांगितले होते, दुसऱ्याने तीन.

अंतराच्या नावाखाली न येणारे पण वाटेतले खर्च दोन. एक, लिफ्ट नसलेल्या मजल्यांचा. बहिणीची पुण्यातली इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. याचे पहिल्याने आणि तिसऱ्याने ₹२,५०० वेगळे लावले, दुसऱ्याने भाड्यातच धरले होते. दोन, गाडी दारापर्यंत येते का. अनेक शहरांत मोठ्या गाड्यांना दिवसा प्रवेशबंदी असते, आणि गल्लीच अरुंद असेल तर १७ फुटी गाडी रस्त्यावर थांबवून छोट्या हत्तीने फेऱ्या माराव्या लागतात. ही फेरी कुणाच्या खिशातून, हे दोन्ही टोकांसाठी आधी लिहून घ्यावं. बंगळूरच्या नव्या सोसायटीत लिफ्ट होती, पण सामानासाठी ठरावीक वेळाच होत्या. हे तिला पहिल्याने किंवा तिसऱ्याने विचारलं नाही, दुसऱ्याच्या माणसाने विचारलं.

"स्टँडर्ड पॅकिंग" म्हणजे काय

तिघांच्याही कोटेशनवर "स्टँडर्ड पॅकिंग समाविष्ट" होतं. हा शब्द वाचून काहीच कळत नाही. विचारायचं ते वस्तुवार: सोफ्याला कोणते थर, फ्रिजला कोणते, टीव्हीला काय, आणि खोकी किती व कसली.

खोक्यांमध्ये ३ प्लाय आणि ५ प्लाय असा फरक असतो. पुठ्ठ्याची कड बघितली की कळतं. ३ प्लायमध्ये दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी पन्हळ असते. ५ प्लायमध्ये तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये दोन पन्हळी. कपडे, चादरी, खेळणी यांना ३ प्लाय पुरतं. भांडी, काच, मिक्सर, पुस्तकं असतील किंवा खोक्यावर खोकं चढणार असेल तर ५ प्लाय हवं. पावसाळ्यात तर हवंच, कारण दमट हवेत पुठ्ठा नरम पडतो आणि खालचं खोकं वरच्याच्या भाराने बसतं.

सोफ्यासाठी नुसती स्ट्रेच फिल्म, म्हणजे ते ताणून गुंडाळायचं पारदर्शक प्लास्टिक, हे धुळीपासूनचं संरक्षण आहे, धक्क्यापासूनचं नाही. आधी फोम किंवा बबल रॅप, त्यावर पन्हळी पुठ्ठा, शेवटी फिल्म असा क्रम हवा. स्वस्त कोटेशनमध्ये मधला थर गायब असतो, आणि गुंडाळल्यावर तो आहे की नाही हे बाहेरून दिसतही नाही. म्हणून मी म्हणतो, पॅकिंगच्या वेळी घरातलं एक माणूस फक्त बघत उभं राहावं. टीव्हीचं मूळ खोकं आणि थर्माकोल असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही, नसेल तर लांबच्या प्रवासाला लाकडी चौकट मागावी. ती वेगळ्या पैशांची असते. समोरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन असेल तर त्याच्या मागच्या बाजूला बसवायचे ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा. मशीन नवीन आलं तेव्हा ते काढून कुठल्यातरी खणात टाकलेले असतात. ते न बसवता मशीन नेलं तर आतलं पिंप झोके खात राहतं आणि त्याचे आधार निखळतात. बाहेरून ओरखडाही नसतो आणि मशीन मात्र धडधडतं. हे वाक्य विम्याकडे आल्यावर परत आठवा.

पहिल्याच्या कोटेशनमध्ये पंधरा खोकी होती, सगळी ३ प्लाय. बहिणीला तीस लागणार होती. वरच्या पंधरांना ₹१५० प्रमाणे ₹२,२५० झाले. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची तीस धरलेली होती. दुसऱ्याची दहा ५ प्लाय होती.

इथे ती थोडी थांबली आणि आपल्या हाताने बेरीज केली. पहिला: ₹४७,०००, खोक्यांचे ₹२,२५०, जिन्याचे ₹२,५००, एकूण ₹५१,७५०. दुसरा: ₹५२,०००. तिसरा: ₹४४,१०० आणि जिन्याचे ₹२,५००, म्हणजे ₹४६,६००. तिघांनीही जीएसटी वेगळा धरला होता, १८ टक्के. तो लावल्यावर पहिला ₹६१,०६५, दुसरा ₹६१,३६० आणि तिसरा ₹५४,९८८. बाजारात काही कोटेशनवर ५ टक्के दिसतात, काहींवर १८, आणि काही म्हणतात "बिल नको असेल तर जीएसटी नाही." टक्केवारीची तुलना करत बसू नका, करासकट शेवटचा आकडा घ्या. आणि बिल नको म्हणणाऱ्याकडे नुकसानीचा दावा कुठल्या कागदावर करणार, ते स्वतःला विचारा.

"लुटणारा" दुसरा आणि "रास्त" पहिला आता ₹२९५ च्या अंतरावर उभे होते.

विम्याची ओळ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश

तिने सामानाची किंमत चार लाख धरली. पहिल्याने "ट्रान्झिट इन्शुरन्स ३%" लावले, म्हणजे ₹१२,०००. तिसऱ्याने "एफओव्ही २%", ₹८,०००. दुसऱ्याने "विमा १.५%", ₹६,०००. बहुतेक लोक इथे फक्त टक्के बघतात. मी बघतो ते हे की या तिघांपैकी विमा नेमका कोण विकतो आहे.

विमा फक्त विमा कंपनी देऊ शकते, आयआरडीएआय या विमा नियामकाकडे नोंदलेली. मूव्हर आपल्या ग्राहकाच्या सामानाचा विमा एखाद्या विमा कंपनीकडून काढून देऊ शकतो. मग तुमच्या हातात पॉलिसी किंवा तिचं प्रमाणपत्र येतं. त्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, तुमचं नाव, विम्याची रक्कम, कुठून कुठे आणि शक्यतो बिल्टीचा, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीचा, क्रमांक असतो. हे जर गाडी निघायच्या आधी येत नसेल, तर तुम्ही दिलेले पैसे मूव्हरच्याच खिशात आहेत. त्याला तो इन्शुरन्स म्हणो, रिस्क कव्हर म्हणो की एफओव्ही. एफओव्ही म्हणजे सामानाच्या किमतीवर आकारलेलं जास्तीचं भाडं. त्याच्या बदल्यात मूव्हर स्वतः जबाबदारी घेतो असं म्हणतो. तसं करणं चूक नाही, पण नुकसान झालं की भरपाई द्यायची की नाही हे ठरवणारा आणि भरपाई देणारा माणूस एकच असतो.

बहिणीने पहिल्याला विचारलं, "प्रमाणपत्र कधी मिळेल?" उत्तर आलं, "बिलावरच लिहून देतो ना मॅडम." म्हणजे पॉलिसी नव्हती. तिसऱ्याने निदान सरळ सांगितलं की हा विमा नाही, आमचीच जबाबदारी आहे, आणि जास्तीत जास्त किती देऊ ते लिहून दिलं. दुसऱ्याने नमुना प्रमाणपत्र पाठवलं.

त्या प्रमाणपत्रात एक अक्षर शोधायचं: कलम ए, बी की सी. देशांतर्गत रस्त्याच्या प्रवासाच्या विम्यात आयटीसी, म्हणजे इनलँड ट्रान्झिट क्लॉज, ए, बी आणि सी अशी तीन कलमं चालतात. सी मध्ये फक्त आग आणि वीज कोसळणं. बी मध्ये त्याशिवाय गाडीची टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं असे मोजके अपघात. ए मध्ये, जे स्पष्ट वगळलंय ते सोडून सगळं. आता घरसामानाचं नुकसान कसं होतं ते आठवा: उचलताना पडणं, घासणं, दबणं, एखादं खोकं हरवणं. यातलं काहीही बी किंवा सी मध्ये बसत नाही. गाडी सुखरूप पोचली आणि टीव्ही फुटला, तर बी च्या पॉलिसीखाली तुम्हाला शून्य मिळेल, आणि ते नियमाप्रमाणेच असेल.

ए मध्येही वगळलेल्या गोष्टी असतात. अपुरं पॅकिंग, वस्तूचा मूळचा दोष, उशीर. बाहेरून काही न होता यंत्र आतून बिघडलं तरी बहुधा नाही, आणि ते ट्रान्झिट बोल्टचं वाक्य इथे लागू होतं. दागिने, रोख, कागदपत्रं नाहीत. आणि तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातल्या वस्तू बहुतेक ठिकाणी नाहीत, कारण आत काय होतं आणि कसं ठेवलं होतं हे कुणी पाहिलेलं नसतं. पॅकिंगचे पैसे वाचवायला काचेची भांडी आपणच भरायची आणि मग त्यांचा विमाही काढायचा, यात विम्याचे पैसे वाया जातात.

किंमत कमी सांगण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो. सामान चार लाखांचं असताना दोन लाख सांगितलं तर हप्ता अर्धा. पण अर्ध्याच रकमेचा विमा असेल तर उरलेल्या अर्ध्याचे विमा देणारे तुम्ही स्वतःच, असा हिशेब होतो. म्हणून तीस हजारांच्या टीव्हीचं नुकसान झालं तर पंधराच हजारांचा दावा उरतो, दोन लाखांची मर्यादा लांब असली तरी. वरून घसारा आणि दाव्यातून आधी वजा होणारी ठरावीक रक्कम वेगळी. किंमत धरताना नव्या वस्तूची नाही, आज तशी वस्तू जुनी घ्यायला किती लागतील ती धरायची, आणि वस्तुवार यादी जोडायची. "घरसामान ४ लाख" अशा एका ओळीवर भांडता येत नाही.

विमा नसला तर काहीच नाही, असंही नाही. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट हा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याखालच्या नियमांनुसार, जास्तीची किंमत जाहीर करून जास्त दर दिलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. दहापट ऐकायला भरपूर वाटते. पण कशाच्या दहापट? बिल्टीवर लिहिलेल्या भाड्याच्या. पॅकिंग, हमाली, जिना सगळं वेगळ्या बिलावर दाखवून बिल्टीवर भाडं नुसतं ₹१२,००० लिहिलं असेल तर मर्यादा एक लाख वीस हजार. बिल्टी हातात आली की बहुतेक जण ती घडी घालून पाकिटात टाकतात. ती उघडून भाड्याचा आकडा, सामानाची किंमत आणि "मालकाच्या जोखमीवर" असा शिक्का आहे का, एवढं तरी बघा. याच कायद्याखाली दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "बघतो, बघतो" ऐकण्यात हे दिवस आरामात जातात.

विम्याच्या आकारांवर १८ टक्के धरून शेवटची बेरीज अशी झाली: पहिला ₹७५,२२५, दुसरा ₹६८,४४०, तिसरा ₹६४,४२८. म्हणजे ₹३८,००० वाला आता सगळ्यात महाग होता, आणि पॉलिसी नसलेलाही. उरली निवड दुसऱ्या आणि तिसऱ्यात, फरक चार हजारांचा. चार हजार वाचवून आठ-दहा दिवस, सहा वेळा उचल आणि विम्याऐवजी मूव्हरचा शब्द. सामान थोडं असतं, मोडण्यासारखं फारसं नसतं आणि पोचायची घाई नसती, तर मी तिला तिसराच घे म्हणालो असतो. एकट्याच्या भाड्याच्या खोलीतल्या शंभर-दीडशे घनफुटांसाठी स्वतंत्र गाडी करणं म्हणजे हवेचं भाडं भरणं आहे. तिच्याकडे ६३० होते, आणि मुलीची शाळा पुढच्या सोमवारी सुरू होत होती. तिने दुसऱ्याला हो म्हटलं.

आगाऊ रक्कम देण्याआधी तिने एकच मेल पाठवला. त्यात यादी, ६३० घनफूट, १७ फुटी स्वतंत्र गाडी वाटेत न बदलता, दोन्ही टोकांचे मजले, खोक्यांची संख्या, करासकट एकूण रक्कम, आणि यादीबाहेर काही निघालं तर कुठल्या दराने, हे सगळं होतं. "मान्य" असं उत्तर आल्यावर पैसे. सामान पोचल्यावर दारात जास्तीचे पैसे मागून गाडी न उघडण्याचे जे प्रकार होतात, ते बहुतेक वेळा "सामान जास्त निघालं" याच वाक्याने सुरू होतात. त्या वाक्याला उत्तर म्हणून घनफुटांचा मान्य आकडा हातात असावा लागतो.

बंगळूरला गाडी चौथ्या दिवशी लागली. जेवणाच्या टेबलाचा एक पाय तडकला होता. पावतीवर सही करण्याआधी तिने त्याच पावतीवर लिहिलं, "टेबलाचा पाय तडकलेला, तीन खोकी दबलेली, उघडून पाहायची आहेत," चालकाची सही घेतली, गाडीतल्या जागेसकट फोटो काढले आणि त्याच दिवशी विमा कंपनीला आणि मूव्हरला, दोघांनाही लिहून कळवलं. दबलेल्या खोक्यांपैकी दोन चादरींची निघाली. तिसऱ्यातली मिक्सरची भांडी फुटली होती, पण ते खोकं तिने स्वतः रात्री बारा वाजता भरलेलं होतं. दावा टेबलाचाच झाला.